वय ६२, पुढची दहा वर्षं: लाइफ टेबलवरून शक्यता कशी काढायची

प्रश्न: सर, आम्ही राजापूर तालुक्यातले, खाडीकाठचं गाव. बाबा ६२ वर्षांचे, आई ६० ची. बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून ॲन्युइटी घ्यायची आहे. एका पर्यायात फक्त बाबांच्या हयातीपर्यंत पेन्शन आहे, दुसऱ्यात दोघांच्या. महाराष्ट्राचं सरासरी आयुर्मान ७२ च्या आसपास आहे असं वाचलं, म्हणजे बाबांची साधारण दहा वर्षं धरायची का? दहा वर्षांनी ते असण्याची शक्यता लाइफ टेबलवरून नेमकी कशी काढतात? आणि कोकणातली माणसं जास्त जगतात म्हणतात, तर ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीवरून आमच्या गावाचंच टेबल बनवता येईल का?

उत्तर:

दहा वर्षं धरू नका. ७२ मधून ६२ वजा करणं ही या विषयातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे, आणि पैशाचा निर्णय तिच्यावर उभा राहिला तर आईंना त्याची झळ बसेल.

७२ हा आकडा आज जन्मणाऱ्या बाळासाठीचा आहे. त्या सरासरीत पहिल्या महिन्यात दगावलेली बाळं आहेत, विशीत अपघातात गेलेली मुलं आहेत, पंचेचाळिशीत हृदयविकाराने गेलेली माणसं आहेत. सरासरी खाली ओढतात ती हीच माणसं. बाबा हे सगळे टप्पे पार करून आले आहेत, त्यामुळे त्यांचा हिशेब त्या सगळ्यांना बाजूला ठेवून, फक्त ६२ पर्यंत पोहोचलेल्या माणसांमध्ये करायचा. म्हणूनच कुठल्याही लाइफ टेबलमध्ये प्रत्येक वयासमोर उरलेलं सरासरी आयुष्य वेगळं छापलेलं असतं, आणि ६० समोरचा आकडा ७२ वजा ६० पेक्षा चांगलाच मोठा असतो.

शिवाय तुम्हाला हवी आहे ती सरासरी नव्हेच. तुम्हाला दहा वर्षांनी बाबा हयात असण्याची शक्यता हवी आहे. तिचा रकाना वेगळा आहे आणि हिशेब त्याहून सोपा आहे.

लाइफ टेबलचा कणा म्हणजे `lx` नावाचा रकाना. एक लाख बाळं एकाच दिवशी जन्मली असं मानायचं आणि त्यांच्यापैकी वय x पूर्ण होईपर्यंत किती जण हयात राहिले ते प्रत्येक वयासमोर लिहायचं. ६२ समोरचा आकडा म्हणजे बासष्टीला पोहोचलेले, ७२ समोरचा म्हणजे बहात्तरीला पोहोचलेले. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की दहा वर्षं जगण्याची शक्यता मिळाली:

```
10p62 = l72 / l62
```

धूमकेतूमुळे ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे त्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाव शहराच्या (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून सारणी केली, तेव्हा त्यानेही हेच केलं होतं. त्याच्या सारणीत ४० वर्षांचे ४४५ लोक होते आणि ४७ वर्षांचे ३७७. म्हणजे ४० वर्षांचा माणूस पुढची सात वर्षं जगण्याची शक्यता ४४५ पैकी ३७७. हयात राहणारे ३७७ आणि जाणारे ६८, म्हणजे साधारण साडेपाचास एक. तीनशेहून अधिक वर्षं झाली, भागाकार तोच आहे. बदलली आहे ती `lx` पर्यंत पोहोचण्याची रीत, आणि खरी चूकही तिथेच होते. म्हणून तो भाग सावकाश पाहू.

पुढचे सगळे आकडे मी उदाहरणासाठी सोयीचे घेतले आहेत. ते महाराष्ट्राचे नाहीत. रीत समजली की छापील सारणीतले खरे आकडे तुम्ही स्वतः त्यांच्या जागी घाला.

मृत्युदर म्हणजे शक्यता नव्हे

समजा ६० ते ६४ वयोगटातल्या पुरुषांचा मृत्युदर हजारी २० आहे. हा दर काढताना वर्षभरातले मृत्यू वर, आणि वर्षाच्या मध्याला त्या वयोगटात असलेले लोक खाली असतात. यावरून कुणी म्हणेल, वर्षाला हजारी २०, तर पाच वर्षांत हजारी १००. म्हणजे ६० वर्षांचा माणूस ६५ च्या आत जाण्याची शक्यता १० टक्के. हे जवळपास बरोबर वाटतं, पण बरोबर नाही.

बरोबर ६० पूर्ण झालेले १००० पुरुष घ्या. त्यातले काही पाच वर्षांच्या आत जातील. ती संख्या d म्हणू. जे राहिले त्यांनी प्रत्येकी पूर्ण पाच वर्षं जगून काढली. जे गेले ते कुणी पहिल्या वर्षी, कुणी पाचव्या, असे साधारण मधोमध गेले असं धरलं, तर त्यांनी प्रत्येकी अडीच वर्षं काढली. म्हणजे सगळ्यांनी मिळून जगलेली वर्षं झाली ५००० वजा २.५ गुणिले d. मृत्युदर हा या जगलेल्या वर्षांवर लागतो, सुरुवातीच्या १००० माणसांवर नव्हे. म्हणून

```
d = 0.020 × (5000 − 2.5d)
d = 100 − 0.05d
d = 100 / 1.05 = 95.24
```

हजारात १०० नव्हे, ९५. याच गणिताचं सर्वसाधारण रूप म्हणजे मृत्युदरावरून शक्यता काढायचं सूत्र. एक्सेलमध्ये `B2` या चौकोनात मृत्युदर (हजारी २० साठी 20 नव्हे, 0.020) असेल तर

```
=5*B2/(1+2.5*B2)
```

छापील सारणीत या शक्यतेच्या रकान्याला `nqx` म्हणतात. साठीच्या आसपास दोन्ही आकड्यांत फरक थोडा दिसतो, पण दर वाढत जातो तसा तो रुंदावतो. सत्तरीच्या पुढे हजारी ४८ दर घेतला तर सरळ पाचपट केल्यावर २४ टक्के येतात, सूत्राने २१.४. ऐंशीच्या पुढे सरळ गुणाकार पार दिशाभूल करतो.

अडीच हा आकडाही आपण मानलेला आहे. साठी-सत्तरीसाठी तो चांगला चालतो. पहिल्या वर्षाच्या बाळांसाठी चालत नाही, कारण तिथे मृत्यू पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत एकवटलेले असतात, वर्षभर पसरलेले नसतात. तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, पण संपूर्ण सारणी करायला बसलात तर पहिल्या दोन ओळींना हे सूत्र लावू नका.

६२ पासून ७२ पर्यंत

आता तीन वयोगट घेऊ. मृत्युदर हजारी २०, ३० आणि ४८, आणि साठीला एक लाखातले ८०,००० हयात आहेत असं समजू.

| वयोगट | मृत्युदर (हजारी) | गटात जाण्याची शक्यता | गटाच्या सुरुवातीला हयात |
|---|---|---|---|
| ६०–६५ | २० | ०.०९५२ | ८०,००० |
| ६५–७० | ३० | ०.१३९५ | ७२,३८१ |
| ७०–७५ | ४८ | ०.२१४३ | ६२,२८१ |
| ७५ | | | ४८,९३५ |

शेवटचा रकाना वरून खाली येतो: ८०,००० मधून ९.५२ टक्के गेले, ७२,३८१ उरले, त्यातून १३.९५ टक्के गेले, ६२,२८१ उरले. इथे एक सापळा आहे. ६० वर्षांच्या माणसाची दहा वर्षांतली मृत्यूची शक्यता काढताना काही जण ९.५२ आणि १३.९५ यांची बेरीज करतात आणि २३.५ टक्के म्हणतात. पण दुसरे १३.९५ टक्के हे ८०,००० चे नाहीत, उरलेल्या ७२,३८१ चे आहेत. जगण्याच्या शक्यतांचा गुणाकार करायचा, मृत्यूच्या शक्यतांची बेरीज करायची नाही. ६२,२८१ भागिले ८०,००० म्हणजे ०.७७९, मृत्यूची शक्यता २२.१ टक्के.

बाबा मात्र ६२ चे आहेत आणि सारणी पाच-पाच वर्षांची आहे. मधल्या वयांसाठी सगळ्यात साधी रीत म्हणजे पाच वर्षांतले मृत्यू पाचही वर्षांत सारखे वाटून टाकायचे. ६० ते ६५ मध्ये ७,६१९ गेले, तर दोन वर्षांत त्यांचे दोन पंचमांश, म्हणजे ३,०४८. म्हणून `l62` झाला ७६,९५२. ७० ते ७५ मध्ये १३,३४६ गेले, त्यांचे दोन पंचमांश ५,३३८. `l72` झाला ५६,९४३. आता भागाकार:

```
10p62 = 56943 / 76952 = 0.74
```

या उदाहरणाच्या सारणीप्रमाणे ६२ वर्षांच्या १०० पुरुषांपैकी ७४ जण दहा वर्षांनी हयात असतील. तुमच्या वजाबाकीशी हे ताडून बघा. "दहा वर्षं धरायची" म्हटलं की बाबा बहात्तरीला जातीलच असं डोक्यात बसतं. इथे तर चारात तीन जण बहात्तरी ओलांडून पुढे जाताहेत.

मृत्यू समान वाटण्याऐवजी गटात मृत्यूचा जोर कायम धरणारी दुसरी रीत आहे. तिने हेच उत्तर ०.७३६ येतं. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत, त्यामुळे घरगुती निर्णयासाठी साधी रीत पुरे. आलेलं उत्तर तपासायची सोपी युक्ती सांगतो. ६० वर्षांच्या माणसाची दहा वर्षांची शक्यता ७७.९ टक्के आहे, ६५ वर्षांच्याची ४८,९३५ भागिले ७२,३८१ म्हणजे ६७.६. मग ६२ ची या दोहोंच्या मध्ये, साठीकडे थोडी झुकलेली यायला हवी. ७४ तशीच आहे. तुमचं उत्तर या दोन आकड्यांच्या बाहेर गेलं, तर बहुतेक वेळा `lx` चुकीच्या ओळीतून उचललेला असतो. एकदा वरची ओळ, एकदा खालची, असं पुष्कळदा होतं.

यात एक गृहीतक दडलेलं आहे. सारणीत आज ७० ते ७५ वयात असलेल्यांचा मृत्युदर आहे, आणि बाबा त्या वयात आठ वर्षांनी शिरणार आहेत. आजचे दर तोवर तसेच गोठून राहतील असं आपण मानलं. दर हळूहळू कमी होत गेले तर बाबांची खरी शक्यता याहून किंचित जास्त असेल. उलट सारणी करोनाच्या वर्षांच्या आकड्यांवर बेतलेली असेल, तर ती उगाच जास्त निराश चित्र दाखवेल. म्हणून सारणी उचलताना ती कोणत्या वर्षांची आहे हे आधी बघा.

कोणती सारणी, आणि गावाची का नको

सर्वसाधारण लोकसंख्येसाठी भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयाची नमुना नोंदणी योजना, म्हणजे एसआरएस, हा आधार आहे. निवडलेल्या गावांत आणि शहरी विभागांत स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो, आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे घरोघर जाऊन त्याच घटना पुन्हा गोळा करतो. दोन्ही याद्या जुळवून जे जुळत नाही ते परत तपासतात. त्यावरून पाच-पाच वर्षांचे आकडे एकत्र करून लाइफ टेबलं निघतात. महाराष्ट्राची ग्रामीण-शहरी आणि स्त्री-पुरुष अशी वेगळी सारणी मिळते. बाबांसाठी महाराष्ट्र, ग्रामीण, पुरुष ही सारणी घ्या. त्यात `lx` तयारच असतो. वरचा दरापासूनचा खटाटोप करायची गरज नाही, ६०, ६५, ७० आणि ७५ समोरचे चार आकडे पुरतात. रत्नागिरी जिल्ह्याची वेगळी सारणी त्यात नाही, कारण जिल्ह्यापुरता नमुना फार लहान पडतो.

विमा कंपन्यांची सारणी वेगळी. विमाधारकांसाठी १ एप्रिल २०१९ पासून भारतीय विमाधारक मृत्यू सारणी २०१२–१४ वापरात आली, आणि ॲन्युइटी घेणाऱ्यांसाठी आणखी वेगळी. ॲन्युइटी घेणारा माणूस बहुधा बऱ्या स्थितीतला आणि आपण पुष्कळ जगू असं वाटणारा असतो. कंपनी तोच अनुभव धरून पेन्शन ठरवते. म्हणून एसआरएसने काढलेला तुमचा आकडा कंपनीच्या मनातल्या आकड्यापेक्षा कमी असेल. त्यावरून कंपनी फसवते आहे असा निष्कर्ष काढू नका; दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी माणसं आहेत.

आता तुमच्या गावाची मृत्यू नोंदवही. हा विचार मला मनापासून आवडला, कारण आकडे आपल्या माणसांचे असावेत असं वाटणं बरोबरच आहे. पण कोकणात त्यात तीन अडचणी येतात आणि पहिलीच फार मोठी आहे.

मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, मृत्यू झाला तिथे होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशीच तरतूद आहे. तुमच्या गावातल्या एखाद्या आजोबांना अखेरच्या आजारात रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला हलवलं, किंवा मुलाकडे मुंबईला नेलं, आणि ते तिथे गेले, तर दाखला तिथला. तुमच्या नोंदवहीत ते नाहीत. मतदार यादीत किंवा घरपट्टीच्या वहीत मात्र ते गावातलेच. म्हणजे खाली माणूस मोजला गेला, वर त्याचा मृत्यू नाही. दर कमी येणार आणि "आमच्याकडची माणसं जास्त जगतात" हे आकड्याने सिद्ध झाल्यासारखं दिसणार. उलटही घडतं. उभं आयुष्य लालबाग-परळला काढलेला चाकरमानी अखेरीस गावच्या घरी येतो आणि इथे जातो. त्याचा मृत्यू गावाच्या वहीत, पण तो गावात मोजलाच गेला नव्हता. ही ये-जा किती मोठी आहे ते जनगणनेत दिसतं: २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आणि दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे पावणेपाच टक्क्यांनी घटली होती. पुरुष कामाला बाहेर आहेत. अशा ठिकाणी वरची संख्या आणि खालची संख्या एकाच माणसांची ठेवणं हेच मुख्य काम, आणि नुसत्या नोंदवहीवरून ते होत नाही.

दुसरी अडचण लहान संख्येची. तुमच्या गावात ६० ते ६४ वयाचे १२० पुरुष आहेत असं धरा, म्हणजे गाव तसं मोठंच झालं. हजारी २० दराने वर्षाला २.४ मृत्यू अपेक्षित. प्रत्यक्षात मात्र साधारण अकरा वर्षांतून एकदा एकही मृत्यू होणार नाही, आणि साधारण दहा वर्षांतून एकदा पाच किंवा जास्त होतील, तेही खरा दर जराही न बदलता. म्हणजे निव्वळ योगायोगाने गावाचा दर एका वर्षी शून्य आणि दुसऱ्या वर्षी हजारी ४२ निघू शकतो. पाच-सात वर्षं एकत्र केली तरी अनिश्चितता पुरती जात नाही.

तिसरी अडचण वयाची. वयोवृद्धांच्या जन्मतारखा पुष्कळदा अंदाजाने लिहिलेल्या असतात आणि वयं ६०, ६५, ७०, ७५ वर गोळा होतात. हे ओळखायला सोपं आहे: नोंदवहीतले मृत्यू एक-एक वर्षाने मांडा. ७० समोर ६९ आणि ७१ च्या दुपटी-तिपटीने नोंदी दिसल्या, तर ती माणसं खरोखर सत्तरीला गेली नाहीत, त्यांची वयं सत्तर लिहिली गेली आहेत. अशा आकड्यांवर ६२ आणि ६३ चा फरक शोधण्यात अर्थ नाही.

कोकणातली माणसं जास्त जगत असतीलही. ते गावाच्या वहीवरून ठरवता येणार नाही, आणि तुमच्या निर्णयासाठी ते ठरवण्याची गरजही नाही.

बाबांची तब्येत

सारणीला बाबांचा मधुमेह किंवा विडीची सवय ठाऊक नसते. ती सगळ्या पुरुषांची सरासरी सांगते. एखाद्या कारणाने मृत्यूचा धोका सरासरीच्या दीडपट आहे असं धरायचं झालं तर काय करायचं? (दीडपट हाही उदाहरणाचाच आकडा, खरा गुणक डॉक्टरशी बोलून ठरवायचा.) मृत्यूची शक्यता २६ टक्के, तिची दीडपट ३९, असं करू नका. प्रत्येक वर्षाचा दर दीडपट होतो, आणि दहा वर्षं जगण्याची शक्यता प्रत्येक वर्षाच्या जगण्याच्या शक्यतांच्या एकामागून एक गुणाकारातून येते. म्हणून जगण्याच्या शक्यतेचा दीड घात घ्यायचा:

```
0.74^1.5 = 0.637
```

मृत्यूची शक्यता ३६ टक्के, ३९ नव्हे. तब्येत उत्तम असेल आणि धोका तीन चतुर्थांश धरायचा असेल, तर घात ०.७५ घ्या, उत्तर ८० टक्क्यांच्या जवळ जातं. बाबांसाठी ६४ ते ८० ही पट्टी डोक्यात ठेवून निर्णय घेतलात, तर ७४ या एकाच आकड्याला चिकटून राहण्यापेक्षा ते जास्त शहाणपणाचं होईल.

आई, आणि दोन पर्याय

ॲन्युइटीचा निर्णय खरं तर आईंच्या आकड्यावर जास्त ठरतो. स्त्रियांचे दर कमी असतात. उदाहरणाला हजारी १५ आणि २२ घेऊ. त्याच सूत्राने पाच-पाच वर्षांच्या मृत्यूच्या शक्यता ०.०७२३ आणि ०.१०४३. आई बरोबर ६० च्या आहेत, त्यामुळे मधलं वय काढायला नको: ०.९२७७ गुणिले ०.८९५७, म्हणजे ०.८३१. दहा वर्षांनी आई असण्याची शक्यता ८३ टक्के.

आता अशी १०० जोडपी डोळ्यांसमोर आणा. दहा वर्षांनी दोघंही हयात: ०.७४ गुणिले ०.८३१, म्हणजे ६१ ते ६२ घरं. फक्त आई: ०.२६ गुणिले ०.८३१, साधारण २२ घरं. फक्त बाबा: १२ ते १३. दोघंही नाहीत: ४ ते ५. म्हणजे निदान एक जण असण्याची शक्यता ९५ ते ९६ टक्के. या गुणाकारात नवरा-बायकोच्या मृत्यूंचा एकमेकांशी संबंध नाही असं मानलं आहे. ते पूर्ण खरं नाही. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणारी दोन माणसं असतात, आणि जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्याचा धोका काही काळ वाढतो. त्यामुळे "फक्त आई" चा आकडा २२ पेक्षा थोडा कमी निघेल. तरीही शंभरातल्या वीसेक घरांत दहाव्या वर्षी आई एकट्या असणार, आणि पहिल्या पर्यायात त्यांची पेन्शन बंद झालेली असणार.

हे रुपयांत मांडू. समजा फक्त बाबांच्या हयातीचा पर्याय महिन्याला ७,००० देतो आणि दोघांच्या हयातीचा ६,५००, दोघांपैकी कुणीही असेपर्यंत पूर्ण. दहाव्या वर्षाच्या शेवटी पहिल्यातून सरासरी घरात येणारी रक्कम ०.७४ गुणिले ७,०००, म्हणजे ५,१८०. दुसऱ्यातून ०.९५६ गुणिले ६,५००, म्हणजे ६,२१४. सुरुवातीला अर्थातच पहिला पुढे असतो. तो मागे कधी पडतो तेही याच सारणीवरून निघतं. तीन वर्षांनी बाबा असण्याची शक्यता ७२,३८१ भागिले ७६,९५२, म्हणजे ०.९४१, पहिला पर्याय ६,५८४ आणि दुसरा ६,४८३. चार वर्षांनी पहिला ६,४०० आणि दुसरा ६,४६८. म्हणजे चौथ्या वर्षात पारडं फिरतं आणि मग दरवर्षी अंतर वाढत जातं.

तुमच्या हातात कंपनीचे खरे दर आले की ७,००० आणि ६,५०० च्या जागी ते घाला आणि एसआरएसच्या सारणीतून एक-एक वर्ष पुढे जात पंचवीस वर्षांपर्यंत असा तक्ता करा. त्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. बाबांनंतर आईंना पेन्शन पूर्ण मिळणार की निम्मी? निम्मी असेल तर "फक्त आई" च्या घरांत ६,५०० ऐवजी ३,२५० धरा. दहाव्या वर्षाची रक्कम त्याने सुमारे ७०० रुपयांनी उतरते. आणि पहिल्या पर्यायात बाबांनंतर भरलेली मूळ रक्कम वारसाला परत मिळते का? मिळत असेल तर कंपनी महिन्याची पेन्शन कमी देईल, पण ती रक्कम आईंच्या हाती पडेल, आणि मग त्या रकमेवरचं व्याज "फक्त आई" च्या २२ घरांत जमेला धरल्याशिवाय दोन्ही पर्यायांची तुलना करता येणार नाही.